शंभर फुलं आणि सर्वांत रुंद पट्टा

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आयरिस या फुलांची एक जुनी यादी हमखास भेटते. एडगर अँडरसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने ही फुलं मोजली आणि रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली ती मापं आपल्या शोधनिबंधात छापली. सेटोसा, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या तीन जाती, प्रत्येकीची ५० फुलं आणि प्रत्येक फुलाची चार मापं, एवढीच ती यादी. यांतली सेटोसा आणि व्हर्सिकलर ही फुलं एकाच ठिकाणी, शेजारी शेजारी वाढलेली होती. तरीही पाकळीची लांबी आणि रुंदी ही दोनच मापं घेतली तरी त्या दोघींची गल्लत होत नाही. सेटोसाची सर्वांत लांब पाकळी १.९ सेंटिमीटरची आहे आणि व्हर्सिकलरची सर्वांत आखूड पाकळी ३ सेंटिमीटरची.

ही शंभर फुलं आलेखाच्या कागदावर मांडू. आडव्या अक्षावर पाकळीची लांबी, उभ्या अक्षावर रुंदी, आणि प्रत्येक फुलासाठी एक ठिपका. डावीकडे खाली सेटोसाच्या ठिपक्यांचा दाट पुंजका दिसतो, उजवीकडे वर व्हर्सिकलरचा जरा पसरलेला. मध्ये मोकळी जागा आहे. आता या दोन पुंजक्यांच्या मध्ये एक सरळ रेषा आखायची, म्हणजे उद्या कुणी नवं फूल आणलं तर त्याचा ठिपका रेषेच्या कोणत्या बाजूला पडतो ते पाहून जात सांगता येईल.

काम सोपं वाटतं, पण मधली जागा मोकळी असल्यामुळे अशा रेषा अगणित निघतात. एक रेषा सेटोसाला जवळजवळ चिकटून जाईल, दुसरी व्हर्सिकलरला, तिसरी तिरपी मधून निघून जाईल. हातातल्या शंभर फुलांपुरत्या तिन्ही शंभर टक्के बरोबर. फ्रँक रोझेनब्लॅट यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस मांडलेला परसेप्ट्रॉन अशीच एखादी रेषा शोधतो. चूक झाली की रेषा थोडी हलवायची आणि चुका संपल्या की थांबायचं, ही त्याची रीत. सुरुवात कुठून केली आणि फुलं कोणत्या क्रमाने दाखवली यावर शेवटची रेषा ठरते. दोघांनी तेच काम केलं तर दोघांच्या रेषा वेगळ्या निघू शकतात, आणि कुणाची चांगली हे सांगायला परसेप्ट्रॉनकडे काहीच निकष नसतो.

तो निकष सपोर्ट व्हेक्टर मशीनने दिला. या पद्धतीचं मूळ १९६०च्या दशकातल्या मॉस्कोत आहे. व्लादिमिर वाप्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे तिची पायाभरणी केली, आणि १९९२ साली बर्नहार्ड बोझर, इझाबेल गियों आणि वाप्निक यांच्या निबंधाने ती जगभर पोचवली. तिचं सर्वांत कडक आणि सर्वांत स्वच्छ रूप म्हणजे हार्ड मार्जिन. तिथे एकही फूल चुकीच्या बाजूला चालत नाही. ते पाळून जितकी रुंद मोकळी जागा मिळवता येईल तितकी मिळवायची.

रेषा नव्हे, पट्टा

निकष असा: नुसती रेषा आखू नका, दोन पुंजक्यांच्या मधून एक सरळ पट्टा काढा. पट्ट्याच्या आत एकही ठिपका येता कामा नये. अशा सगळ्या पट्ट्यांमधला सर्वांत रुंद पट्टा निवडा आणि त्याच्या बरोबर मधून जाणारी रेषा ही आपली सीमा समजा. या पट्ट्याच्या रुंदीला मार्जिन म्हणतात.

यामागचं कारण व्यवहाराचं आहे. नवं फूल जुन्या फुलांसारखंच असेल, पण अगदी तसंच असणार नाही. कुणाची पाकळी दोन मिलिमीटर लांब असेल, कुणी मोजताना पट्टी थोडी तिरपी धरेल. सीमा एखाद्या ठिपक्याला चिकटून गेली असेल तर एवढा फरकही निकाल फिरवायला पुरतो. सीमा दोन्ही बाजूंच्या जवळच्या फुलांपासून शक्य तितकी दूर ठेवली तर अशा फरकाला सर्वांत जास्त वाव मिळतो.

आता हे गणितात कसं मांडायचं ते पाहू. कोणत्याही सरळ सीमेसाठी तीन आकडे लागतात, त्यांना अ, ब, क म्हणू. प्रत्येक फुलाला त्यांच्या मदतीने एक गुण द्यायचा:

गुण = अ × लांबी + ब × रुंदी + क

गुण शून्य असेल ते ठिपके सीमेवर. गुण धन असेल तर व्हर्सिकलर, ऋण असेल तर सेटोसा. यात एक अडचण आहे. अ, ब, क हे तिन्ही आकडे दुप्पट केले तर सगळ्यांचे गुण दुप्पट होतात, पण सीमा तसूभरही हलत नाही. एकाच सीमेची अशी अगणित रूपं असताना रुंदीची तुलना करता येत नाही. म्हणून माप आधी पक्कं करून घ्यायचं: पट्ट्याच्या एका काठावर गुण बरोबर +१ आणि दुसऱ्या काठावर −१. पट्ट्यात कुणी नको, याचा अर्थ आता सरळ होतो. प्रत्येक व्हर्सिकलरचा गुण निदान +१ हवा, प्रत्येक सेटोसाचा −१ किंवा त्याहून खाली हवा. शंभर फुलं म्हणजे शंभर अटी.

राहिली रुंदी. सीमेला काटकोनात एक सेंटिमीटर चाललं तर गुण किती बदलतो? पायथागोरसच्या प्रमेयातून उत्तर येतं: √(अ² + ब²). एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गुण −१ वरून +१ वर जातो, म्हणजे २ ने वाढतो. तेव्हा पट्ट्याची रुंदी २ ÷ √(अ² + ब²) सेंटिमीटर. ही रुंदी वाढवायची तर छेद लहान करायला हवा, आणि वर्गमूळ लहान करणं व त्याच्या आतली बेरीज लहान करणं यांत फरक नाही. सगळा प्रश्न अखेर एका ओळीत येतो:

शंभरही अटी पाळून अ² + ब² कमीत कमी करा.

हाच तो वर्गात्मक प्रश्न. जे कमी करायचं आहे त्यात अज्ञातांचे वर्ग आहेत, आणि अटींमध्ये मात्र ते साध्या पहिल्या घातात येतात. (पुस्तकांत ½(अ² + ब²) असं लिहितात, ते पुढची आकडेमोड सुटसुटीत व्हावी म्हणून. उत्तर त्याने बदलत नाही.) या जातीच्या प्रश्नांचा एक मोठा गुण असा, की त्यांना फसवे तळ नसतात. उत्तर शोधताना कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी त्याच एका तळाशी पोचता येतं. दोन माणसांनी दोन यंत्रांवर प्रश्न सोडवला तरी सीमा एकच निघते. परसेप्ट्रॉनमध्ये जी खात्री नव्हती ती इथे मिळते.

हाताने सोडवून पाहू

शंभर अटींचा प्रश्न एरवी संगणकाकडे सोपवतात, पण हा प्रश्न कागदावर सुटतो. दोन पुंजक्यांमधली एकमेकांच्या सर्वांत जवळची फुलं शोधू. सेटोसामधलं एक फूल १.९ सेंटिमीटर लांब आणि ०.४ रुंद पाकळीचं आहे. व्हर्सिकलरमध्ये ३.० लांब आणि १.१ रुंद पाकळीचं एक आहे. दोघांमधला फरक लांबीत १.१ आणि रुंदीत ०.७. वर्गांची बेरीज १.२१ + ०.४९ = १.७०, म्हणजे त्या दोन ठिपक्यांमधलं अंतर १.७० चं वर्गमूळ, सुमारे १.३०४ सेंटिमीटर.

आता असं धरू की पट्ट्याचे दोन काठ या दोन फुलांना टेकतात आणि पट्टा त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात आहे. मग अ आणि ब हे १.१ आणि ०.७ याच प्रमाणात असायला हवेत. त्यांना १.१ट आणि ०.७ट म्हणू. पहिल्या फुलाकडून दुसऱ्याकडे जाताना गुण २ ने वाढला पाहिजे, म्हणून १.७० × ट = २ आणि ट = १.१७६. यावरून अ = १.२९४ आणि ब = ०.८२४. सेटोसाच्या त्या फुलाचा गुण −१ यावा म्हणून क = −३.७८८.

अंदाज केला, पण तो खरा आहे का? त्यासाठी दोन गोष्टी तपासायला हव्यात. पहिली, बाकीची ९८ फुलं पट्ट्याबाहेर आहेत का? जवळच्या संशयितांचे गुण काढू. सेटोसामधली ०.६ सेंटिमीटर रुंद पाकळी सर्वांत रुंद, तिची लांबी १.६. तिचा गुण −१.२२. लांबी १.९ आणि रुंदी ०.२ असलेल्या सेटोसाचा −१.१६. पलीकडे ३.३ लांब आणि १.० रुंद पाकळीच्या व्हर्सिकलरचा +१.३१. उरलेली फुलंही पट्ट्याबाहेरच आहेत. एकही अट मोडत नाही.

दुसरी, याहून रुंद पट्टा निघू शकेल का? नाही, आणि याचं कारण सुंदर आहे. कोणताही ग्राह्य पट्टा या दोन फुलांच्या मधूनच जायला हवा, कारण एक इकडचं आणि एक तिकडचं. त्यांच्यामधलं अंतरच १.३०४ सेंटिमीटर आहे, तेव्हा त्यांच्या मधून जाणारा पट्टा त्याहून रुंद असूच शकत नाही. आपला पट्टा नेमका तेवढा रुंद आहे. पुढे शोधायला काही उरत नाही.

एक तुलना करून पाहा. नुसती लांबी पाहून २.४५ सेंटिमीटरवर उभी सीमा आखली असती, तरी शंभरही फुलं बरोबर बाजूला पडली असती. मात्र तो पट्टा १.१ सेंटिमीटर रुंद. सीमा थोडी तिरपी करून रुंदीलाही हिशेबात घेतल्याने दोन मिलिमीटर जास्तीचे मिळाले.

आधार देणारी फुलं

या सगळ्या आकडेमोडीत शंभरांपैकी दोनच फुलांची मापं आली. त्यांनाच सपोर्ट व्हेक्टर म्हणतात, पट्टा त्यांच्यावर टेकलेला असतो. बाकीच्या ९८ फुलांपैकी हवी ती काढून टाका, आकडे तेच राहतील. उलट, यादीतली व्हर्जिनिकाची ५० फुलं व्हर्सिकलरच्या बाजूला घाला, तरी सीमा जागची हलत नाही, कारण त्यांच्या पाकळ्या आणखी मोठ्या आहेत आणि पट्ट्यापासून त्या लांब पडतात.

गणितात हे लॅग्रांज गुणकांतून दिसतं. प्रत्येक अटीला एक गुणक जोडलेला असतो. ती अट उत्तराला किती रेटते आहे हे तो सांगतो. पट्टा म्हणजे एक फळी आहे असं समजा, आणि प्रत्येक फूल तिला आपल्या बाजूने रेटतं. जी फुलं फळीला टेकलेलीच नाहीत त्यांचा रेटा शून्य. टेकलेल्या दोघांचा रेटा सारखा आणि उलट दिशांना, म्हणून फळी स्थिर. ½(अ² + ब²) हे रूप घेतलं तर आपण वर काढलेला ट = १.१७६ हाच त्या दोन्ही फुलांचा गुणक असतो. संगणक बहुतेक वेळा अ, ब थेट न शोधता हे गुणकच शोधतो, आणि शून्य नसलेल्या गुणकांवरून सीमा उभी करतो.

यातून नव्या फुलांबाबतही एक अंदाज मिळतो. शंभरांतलं एक फूल बाजूला ठेवा, उरलेल्या ९९ वर सीमा काढा आणि बाजूला ठेवलेल्याची जात ओळखा. असं एकेक करून सगळ्यांसाठी करा. आधार न देणारं फूल बाजूला ठेवलं तर सीमा बदलतच नाही, त्यामुळे तिथे चूक होणं शक्य नाही. चूक झालीच तर ती आधार देणाऱ्या दोघांपैकी एखाद्यावर होईल. म्हणजे या चाचणीत शंभरात फार तर दोन चुका. आधारांची संख्या एकूण फुलांच्या मानाने जितकी कमी, तितका हा भरवसा जास्त.

कडकपणाची किंमत

जी गोष्ट या पद्धतीचं बळ आहे तीच तिचा धोका आहे. दोन फुलांवर सगळं टेकलेलं असेल, तर त्या दोन फुलांची मापं चुकलेली नसावीत.

समजा, यादी उतरवताना कुणाकडून एका सेटोसाची मापं ३.२ आणि ०.८ अशी पडली. हा ठिपका व्हर्सिकलरच्या पुंजक्याच्या अगदी खाली जाऊन बसतो. अजूनही दोन्ही जाती सरळ रेषेने वेगळ्या करता येतात, म्हणून हार्ड मार्जिन तक्रार न करता उत्तर देतं. आता आधार तीन होतात: हा नवा ठिपका आणि व्हर्सिकलरची ३.० × १.१ व ३.३ × १.० या मापांची फुलं (दुसऱ्या मापाची फुलं यादीत दोन आहेत, पण ठिपका एकच). नव्या पट्ट्याची रुंदी निघते ०.२२ सेंटिमीटर. तेरा मिलिमीटरचा पट्टा एका चुकीच्या नोंदीने दोन मिलिमीटरच्या जरा वर येऊन ठेपला, आणि त्याचा तिरपेपणाही पार बदलला. लांबी २.९ आणि रुंदी १.० असं नवं फूल आलं तर आधीची सीमा त्याला व्हर्सिकलर म्हणाली असती, ही नवी सीमा सेटोसा म्हणते. बाकीची ४९ सेटोसा फुलं आपापल्या जागी असूनही त्यांचं म्हणणं कुणी ऐकत नाही.

ही गडबड ओळखायची कशी? एकेक आधार तात्पुरता काढून पट्ट्याची रुंदी पुन्हा मोजायची. एका फुलाच्या जाण्याने रुंदी कितीतरी पटींनी वाढली, तर त्या फुलाची मूळ नोंद उघडून पाहायलाच हवी.

दुसरी अडचण आणखी मूलभूत आहे. त्याच यादीतल्या व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या दोन जाती घ्या. ४.८ सेंटिमीटर लांब आणि १.८ रुंद पाकळीचं एक फूल व्हर्सिकलरमध्ये आहे, आणि याच मापांची दोन फुलं व्हर्जिनिकामध्ये आहेत. तिघांचा ठिपका एकच, म्हणजे गुणही एकच. तो गुण एका अटीनुसार −१ च्या खाली हवा आणि दुसऱ्या अटीनुसार +१ च्या वर. दोन्ही एकाच वेळी होणं अशक्य. इथे पट्टा अरुंद निघत नाही, पट्टा निघतच नाही. कोणतीही अ, ब, क ही त्रयी सगळ्या अटी पाळत नाही आणि प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

या ठिकाणी वापरणाऱ्याने सावध राहायला हवं. scikit-learn या लोकप्रिय संचातल्या `SVC` मध्ये हार्ड मार्जिन अशी वेगळी सोय नाही. `kernel="linear"` घेऊन `C` ही किंमत खूप मोठी ठेवली की अटी मोडल्याचा दंड प्रचंड होतो आणि हार्ड मार्जिनच्या अगदी जवळचं उत्तर मिळतं. सेटोसा आणि व्हर्सिकलरवर ते वर हाताने काढलेलेच आकडे देतं. पण न सुटणारा प्रश्न दिला तरी तो संच काही ना काही रेषा हातात ठेवतोच. ती रेषा हार्ड मार्जिनची आहे की नाही, हे पाहायला एक तपासणी पुरते: प्रत्येक फुलाचा गुण काढा आणि तो आपल्या बाजूला निदान १ आहे का ते पाहा. आकडेमोडीतल्या शेवटच्या दशांशांचा फरक सोडून एखादंही फूल कमी पडलं, तर जे हातात आहे त्याला हार्ड मार्जिन म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट एककांची. लांबी मिलिमीटरमध्ये आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहिली तर १.१ चा फरक ११ होतो आणि ०.७ तसाच राहतो. रुंदीचा आवाज जवळजवळ बंद पडतो. आधीच्या सीमेवर रुंदी एक सेंटिमीटरने वाढली की लांबीची सीमारेषा साडेसहा मिलिमीटरच्या आसपास सरकत होती. आता ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही सरकत नाही. फुलं तीच, पट्टी तीच, फक्त लिहिण्याची पद्धत बदलली आणि सर्वांत रुंद पट्टा वेगळा निघाला. कारण रुंदी ज्या अंतरात मोजायची ते अंतर आपणच ठरवतो. दोन्ही मापं एका मापदंडावर आणणं ही पूर्वतयारी प्रश्नाचाच भाग आहे.

कोरिना कोर्टेस आणि वाप्निक यांनी १९९५ साली अटी थोड्या सैल करण्याची वाट दाखवली. प्रत्येक फुलाला अट मोडण्याची मुभा द्यायची, पण जितकी मोडेल तितका दंड लावायचा. वर आलेला `C` हा त्याच दंडाचा दर. प्रत्यक्ष कामात बहुधा हेच सैल रूप वापरतात, कारण खरी मापं क्वचितच इतकी स्वच्छ असतात.

तरीही कडक रूप आधी लावून पाहावं. ते दोन प्रश्नांची उत्तरं आडपडदा न ठेवता देतं. या मापांनी या दोन जाती सरळ रेषेने वेगळ्या होतात का? आणि होत असतील, तर किती अंतर राखून? सेटोसा आणि व्हर्सिकलरच्या बाबतीत उत्तर आहे: होय, १.३ सेंटिमीटर राखून. व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिकाच्या बाबतीत: नाही, पाकळीची लांबी आणि रुंदी एवढ्यावर तर नाहीच. दंडाचा दर ठरवायला बसण्याआधी आपली मापं या दोहोंपैकी कोणत्या गटातली आहेत हे माहीत असलेलं बरं. पहिल्या गटातली असतील तर दराची फारशी चिंता करावी लागत नाही. दुसऱ्या गटातली असतील तर किती आणि कोणती फुलं चुकीच्या बाजूला चालतील, हा निर्णय गणित घेणार नाही, तो आपल्यालाच घ्यावा लागेल.